पॉवरप्लेत आधी मिडऑफ कुठे आहे ते बघा

रविवारी आझाद मैदानावर भाच्याची वीस षटकांची मॅच बघायला गेलो होतो. पोरगा उजव्या हाताने मध्यमगती टाकतो. चौथ्या षटकात त्याला 17 धावा पडल्या आणि कप्तानाने सगळ्यांसमोर त्याला झापलं. मला ते अजिबात पटलं नाही.

पॉवरप्लेत, म्हणजे पहिल्या 6 षटकांत, सर्कलबाहेर दोनच फील्डर ठेवता येतात. त्याच्यासाठी ते होते थर्ड मॅन आणि डीप स्क्वेअर लेगला. म्हणजे मिडऑफ आणि मिडऑन दोघंही आत. अशी फील्डिंग लावली की बॉल थोडा मागे टप्पा घेऊन कमरेपर्यंत यायला हवा. मग मारणारा आडव्या बॅटने मारेल आणि तिथे माणूस आहे. पण पोरगा पुढेच टाकत राहिला, कारण पहिल्या षटकात बॉल स्विंग होत होता आणि तेव्हा तेच बरोबर होतं. चौथ्या षटकापर्यंत स्विंग संपला होता. पहिले दोन बॉल बॅट्समनने अलगद मिडऑफच्या डोक्यावरून चौकाराला धाडले.

मग कप्तानाने मिडऑफ मागे पाठवला. दोनच बाहेर चालतात, म्हणून थर्ड मॅन वर आला. आता खरं तर पुढे, स्टंपात टाकायची वेळ होती, आणि नेमका आता बिचाऱ्याने घाबरून बॉल आखूड आणि बाहेर टाकला. कट बसला, रिकाम्या थर्ड मॅनला चौकार. फील्डिंग बदलली, टप्पाही बदलला, पण दोन्ही उलट्या दिशेने.

पॉवरप्ले बॅट्समनचा असतो असं सरसकट म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. बॉल हलत असेल तर तो बॉलरचा. 2011 ची वानखेडेवरची फायनल आठवा. झहीरचा पहिला स्पेल 5 षटकं, 3 निर्धाव, 6 धावा, 1 विकेट. थरंगा स्लिपमध्ये सेहवागच्या हातात गेला. तेव्हाही बाहेर दोनच फील्डर होते, पण नव्या बॉलवर उचलून मारायची कुणाची हिंमत नव्हती. त्याच झहीरच्या उरलेल्या 5 षटकांत 54 गेल्या. तेव्हा बॅटिंग करणाऱ्या संघाला हवा तेव्हा घेता येणारा बॅटिंग पॉवरप्ले असायचा, श्रीलंकेने तो शेवटच्या 5 षटकांत घेतला. बाहेर तीनच माणसं, बॉल जुना, बॅट्समन सेट, आणि 63 धावा निघाल्या. जुन्या बॉलने टाकणाऱ्याला तीन माणसांत सीमारेषा सांभाळायला लावणं मला तेव्हाही अन्यायाचं वाटलं होतं. 2015 मध्ये वनडेतून तो पॉवरप्ले काढला आणि शेवटच्या 10 षटकांत पाच फील्डर बाहेर ठेवायला परवानगी दिली, हे अगदी योग्य झालं.

चर्चगेटला चालत जाताना भाच्याला सांगितलं, "स्विंग थांबला की कप्तान विचारायची वाट बघू नकोस. टप्पा कुठला टाकणार ते तू आधी ठरव, आणि पुढे टाकणार असशील तर पहिला बॉल टाकायच्या आत मिडऑफ मागे मागून घे."