उणे दोन ऑर्डर

थ्रेशोल्ड या शब्दाचा शब्दकोशातला पहिला अर्थ उंबरठा असा दिलेला असतो. माणसे आपल्या कामासाठी दुसऱ्यांचे उंबरठे झिजवतात. माझ्या बाबतीत उंबरठ्यानेच मला झिजवले. ऑनलाइन विक्रीच्या एका यंत्रणेवर लक्ष ठेवणे हे माझे काम आहे, आणि त्यातले एक कलम असे की ऑर्डरची संख्या अचानक घसरली तर माझा फोन वाजला पाहिजे. कलम रास्तच होते. सर्व्हर चालू आहेत, पाने झटपट उघडत आहेत, डॅशबोर्डवर सगळे हिरवेगार आहे आणि तरीही पैसे भरण्याचे बटण मुकाट्याने निकामी झाले आहे, असे घडू शकते, आणि तेव्हा खरी गोष्ट फक्त ऑर्डरच्या आकड्यालाच ठाऊक असते. प्रश्न एवढाच होता की ‘घसरली’ म्हणजे नेमकी किती घसरली, हे कोणी लिहून ठेवलेले नव्हते, आणि तो आकडा, म्हणजेच थ्रेशोल्ड, ठरवण्याचा मान मला मिळाला.

पहिला नियम मी दोन मिनिटांत केला: दर पाच मिनिटांना १०० पेक्षा कमी ऑर्डर आल्या की अलर्ट. आमच्याकडे भर दुपारी पाच मिनिटांत साधारण ४०० ऑर्डर येतात. रात्री तीन वाजता ४ येतात. त्यामुळे ग्राहक झोपले की मी उठायचो आणि ग्राहक उठले की मी झोपायला मोकळा व्हायचो. या नियमाबद्दल याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही. तो दीड रात्र टिकला.

दुसरा नियम मात्र विचारपूर्वक केलेला होता, आणि म्हणूनच त्याचा त्रास जास्त झाला. दिवसाचा आणि आठवड्याचा एक ठेका असतो, तेव्हा आत्ताच्या आकड्याची तुलना गेल्या आठवड्यातल्या याच वाराच्या याच वेळेशी करावी, आणि तो निम्म्याहून खाली गेला तरच फोन वाजवावा, असा तो विचार होता. लिहिला तेव्हा तो मला अतिशय देखणा वाटला होता:

```
sum(increase(orders_total[5m]))
  < 0.5 * sum(increase(orders_total[5m] offset 1w))
```

‘निम्मे’ हा शब्द कानाला फार न्याय्य वाटतो. निम्म्यावर आले म्हणजे काहीतरी बिघडलेच असणार, असे कोणालाही पटते. मलाही पटले होते, आणि त्या रात्री फोन एक वाजून दहा मिनिटांनी, एक चाळीसला, दोन वाजून पाच मिनिटांनी आणि पुढे असाच वाजत राहिला. दर वेळी मी उठून बघायचो, तर गेल्या आठवड्यात त्या पाच मिनिटांत ५ ऑर्डर आलेल्या असायच्या आणि या वेळी २. पाच मिनिटांनी पुन्हा ६ आलेल्या असायच्या. म्हणजे कोणी एक गृहस्थ बटण दाबण्यापूर्वी जांभई द्यायला थांबले होते आणि त्यांच्या जांभईची वर्दी मला दिली गेली होती.

आता याचा हिशेब सांगतो, कारण तो मला तेव्हा ठाऊक असता तर पंधरा रात्री वाचल्या असत्या. ग्राहक एकमेकांना विचारून येत नाहीत. सरासरी ४ असली तरी एखाद्या पाच मिनिटांत ७ येतात, एखाद्यात १ येते, आणि त्यात कोणाचाही दोष नसतो. सरासरी ४ असताना १ किंवा ० येण्याची शक्यता सुमारे ९ टक्के असते. आम्ही तासाला बारा वेळा तपासत होतो, म्हणजे सगळे सुरळीत असतानाही तासाला एक अलर्ट ठरलेलाच. त्यातच ज्या आठवड्याशी तुलना करायची, तो आकडाही तेवढाच डुलणारा. दोन डुलणाऱ्या माणसांनी एकमेकांच्या आधाराने चालावे तसा हा प्रकार, आणि दोन्ही बाजूंचे डुलणे धरले तर खोटे अलर्ट तासाला जवळजवळ दोन होतात. शितावरून भाताची परीक्षा करावी हे खरे, पण एकूण शितेच चार असतील तर परीक्षा भाताची होत नाही, नशिबाची होते.

‘रोज मरे त्याला कोण रडे’ ही म्हण अलर्टसाठीच केली असावी असे मला वाटू लागले. पहिल्या आठवड्यात मी धडपडत उठायचो. दुसऱ्या आठवड्यात डोळे न उघडता अंगठ्याने अलर्ट स्वीकारण्याची कला मला साधली. तिसऱ्या आठवड्यात पत्नी झोपेतच म्हणायची, “अहो, तुमचं वाजलं,” आणि मी झोपेतच म्हणायचो, “वाजू दे.” पुढे एका रात्री ऑर्डर खरोखरच बंद पडल्या. सकाळच्या चौकशीत नोंद निघाली, तिच्यात ३ वाजून १२ मिनिटांनी अलर्ट स्वीकारल्याचे लिहिले होते आणि पुढे माझे नाव होते. मला त्यातले काहीही आठवत नव्हते. अंगठ्याला आठवत असेल.

एवढे करून दिवसा हा नियम जागा असायचा म्हणावे, तर तेही नाही. एका दुपारी पैसे भरण्याचा एक मार्ग बंद पडला. आमच्या ऑर्डरपैकी पाव हिस्सा त्या मार्गाने येत असे, म्हणून ४०० च्या ३०० झाल्या. तीनशे हे दोनशेपेक्षा जास्तच, त्यामुळे नियम शांत. तो दोन तास शांत राहिला. म्हणजे चोवीस वेळा तपासून चोवीस वेळा त्याने ‘ठीक आहे’ असा निर्वाळा दिला. बातमी आली ती एका वैतागलेल्या ग्राहकाच्या तक्रारीतून. मी नेमला होता तो राखणदार जांभईवर भुंकत होता आणि घराची एक भिंत नेली तरी शेपूट हलवत होता.

आमच्या टीममध्ये एक ज्येष्ठ सहकारी आहेत; त्यांना सगळे मॅडम म्हणतात आणि त्या कमी बोलतात. त्यांनी कागदावर दोन ओळी लिहिल्या. निव्वळ योगायोगाने होणारे डुलणे हे अपेक्षित आकड्याच्या वर्गमुळाएवढे असते: ४ चे वर्गमूळ २, म्हणजे निम्मे, ४०० चे वर्गमूळ २०, म्हणजे विसावा हिस्सा. “टक्के हा तुमचा शत्रू आहे,” त्या म्हणाल्या. “रात्री निम्म्यावर येणं हा वारा आहे, आणि दुपारी पाऊणावर येणं हा भूकंप आहे. तुम्ही दोघांना एकच माप लावलंत.”

मी त्याच संध्याकाळी नवा नियम बसवला: अपेक्षित आकड्यातून त्याच्या वर्गमुळाची तिप्पट वजा करायची, आणि आकडा त्याच्या खाली गेला तरच फोन. त्यानंतर चार रात्री फोन एकदाही वाजला नाही. मी इतका गाढ झोपलो की ऑफिसात लोकांनी माझ्या चेहऱ्यावरचे तेज पाहून विचारणा केली. पाचव्या दिवशी मॅडमनी डॅशबोर्डवरची मर्यादेची रेघ रात्रीच्या बाजूने बोटाने दाखवली. ती शून्याच्या खाली गेलेली होती. ४ वजा ६ म्हणजे उणे २.

“उणे दोन ऑर्डर येण्यासाठी,” मॅडम शांतपणे म्हणाल्या, “ग्राहकांना मध्यरात्री येऊन आधीच्या वस्तू परत ठेवाव्या लागतील.”

म्हणजे त्या चार रात्री यंत्रणा मुळापासून उखडली असती तरी मी झोपलेलाच असतो. माझ्या आयुष्यातली सर्वांत शांत झोप गणिताच्या चुकीवर उभी होती, हे मला आजही खुपते.

यावर एक उपाय म्हणजे रात्री मोजण्याची खिडकी मोठी करणे. पाच मिनिटांऐवजी एक तास धरला तर अपेक्षित ऑर्डर ४८ होतात, वर्गमूळ सुमारे ७, आणि मर्यादा २७ वर येते, जी निदान या जगातली तरी आहे. पण ऑर्डर पूर्ण थांबल्या तर ४८ चे २७ होईपर्यंत जवळजवळ अर्धा तास जातो, कारण तासाच्या खिडकीत आधीच्या ऑर्डर अजून बसलेल्या असतात. मग मॅडमनी प्रश्नच उलटा केला: किती ऑर्डर आल्या हे मोजण्याऐवजी शेवटची ऑर्डर येऊन किती वेळ झाला, हे मोजले तर? रात्री दोन ऑर्डरमध्ये सरासरी सव्वा मिनिटाचे अंतर असते. रात्रीचे असे पाच तास धरले, तर सगळे सुरळीत असताना सलग दहा मिनिटे एकही ऑर्डर न येणे बारा रात्रींतून सुमारे एकदा घडते. बारा मिनिटांची शांतता दोन महिन्यांतून एकदा. दोन मिनिटे जास्त थांबायचे आणि त्या बदल्यात खोटे अलर्ट पाचपटीने कमी, हा सौदा माझ्यासारख्या झोपेच्या व्यापाऱ्याने लगेच स्वीकारला. तासाची खिडकीही ठेवली, कारण शांततेचे घड्याळ फक्त पूर्ण बंदच ओळखते; चारातल्या दोन येत राहिल्या तर ते दर ऑर्डरला पुन्हा शून्यावर जाते आणि समाधानी राहते.

दिवसासाठी तुलना गेल्या एका आठवड्याशी न करता गेल्या सहा आठवड्यांतल्या त्याच वेळेच्या मधल्या आकड्याशी केली, म्हणजे त्यात एखादा दिवस सेलचा किंवा बिघाडाचा असला तरी तो एकटा पडतो. वर्गमूळही आंधळेपणाने घेतले नाही. खरे ग्राहक गणितातल्या ग्राहकांपेक्षा थोडे अधिक बेशिस्त असतात, म्हणून जुन्या नोंदींवरून डुलणे प्रत्यक्ष मोजले. ते २० ऐवजी २५ निघाले. त्याची तिप्पट वजा करून मर्यादा ३२५ झाली, आणि दोनदा लागोपाठ खाली गेले तरच वाजायचे, असे ठरले. मग हा नियम मागच्या सहा महिन्यांच्या आकड्यांवर चालवून पाहिला. पाव हिस्सा गळाला होता त्या दुपारी तो दहाव्या मिनिटाला वाजला असता. मी ते वाचून जरा वेळ बाहेर जाऊन आलो.

नवा नियम लागू झाला आणि फोन बावीस रात्री गप्प होता. तेविसाव्या रात्री तो २ वाजून १२ मिनिटांनी वाजला. या वेळी अंगठा नाही, मी स्वतः उठलो. शेवटची ऑर्डर बरोबर दोन वाजता आलेली होती आणि त्यानंतर स्मशानशांतता. मर्यादा चोख, वेळ चोख, घसरण शंभर टक्के खरी. कारण शोधायला लागलो, तेव्हा आठवले की दोन वाजता डेटाबेसच्या देखभालीसाठी ऑर्डर घेणे आपोआप बंद व्हावे, अशी वेळ मीच संध्याकाळी लावून ठेवली होती, आणि तेवढ्या अवधीपुरता अलर्ट बंद करायला विसरलो होतो.

“खरा होता की खोटा?” पत्नीने अंधारातूनच विचारले.

आमच्याकडे प्रत्येक अलर्टची नोंद ठेवतात आणि त्यात ‘खरा’ आणि ‘खोटा’ असे दोनच रकाने आहेत. दुसऱ्या दिवशी मॅडमनी ती नोंद माझ्यासमोर ठेवली आणि पेन दिले. त्या रात्रीचे दोन्ही रकाने अजून कोरे आहेत.