मामा, तो आपला होता!

दिवाळीच्या सुट्टीत भाच्याने मला त्याच्या गेममधल्या टीममध्ये घेतलं आणि पहिल्या दहा मिनिटांत मी आपलीच चार माणसं आडवी केली.

"मामा, तो आपला होता! डोक्यावरचा हिरवा ठिपका दिसला नाही का?"

ठिपका दिसला होता. हिरवा दिसला नव्हता.

मला लाल-हिरव्याचा रंगांधळेपणा आहे. म्हणजे जग काळंपांढरं दिसतं असं नव्हे. (आणि 'बरं, हा शर्ट कुठल्या रंगाचा?' ही तोंडी परीक्षा लोकांनी आता बंद करावी.) डोळ्यातल्या हिरवा टिपणाऱ्या पेशी लालवाल्यांच्या सुरात सूर मिसळतात, त्यामुळे दोन्ही रंग एकाच मळकट खाकीच्या आसपास येऊन बसतात. हा वारसा आईच्या वडिलांकडून आईमार्फत आला. आजोबांची जमीन मामांकडे गेली, माझ्या वाट्याला एवढंच.

पडद्यावर आयुष्य, गोळ्या, नकाशा, कोण आपला आणि कोण परका हे सांगणाऱ्या या सगळ्या पसाऱ्याला हेड्स-अप डिस्प्ले म्हणतात. भाचा त्याला नुसतं 'हड' म्हणतो. कुत्र्याला हाकलताना आपण काढतो तसाच आवाज, आणि मला तरी त्याचा अर्थ तोच लागला.

रात्री भाचा झोपल्यावर मी खेळाचा एक स्क्रीनशॉट घेतला आणि फोटोच्या अॅपमध्ये रंगांची तीव्रता शून्यावर आणली. आपला आणि शत्रू, दोन्ही ठिपके जुळ्या भावांसारखे करडे झाले. रंग मोजले, तर संगणकाच्या रंग-कोडात शत्रू #D32F2F आणि आपला #388E3C निघाला. वेबसाइटच्या सुगम्यतेच्या नियमांत दोन रंगांच्या उजळपणाचं गुणोत्तर काढायचं सूत्र आहे. एखादं चिन्ह त्याच्या पार्श्वभूमीवर उठून दिसायला ते निदान ३ : १ हवं. या दोघांत ते जेमतेम १.२ : १ आलं. म्हणजे मित्र आणि शत्रू यांच्यातला सगळा फरक फक्त रंगछटेवर टांगलेला, आणि माझ्याकडे नेमकी तीच खुंटी नाही.

सेटिंगमध्ये 'रंगांधळ्यांसाठी' असा पर्याय होता. आनंदाने चालू केला. ठिपके थोडे वेगळे झाले, पण सोबत गवत निळसर झालं, आकाश जांभळं झालं आणि शत्रूचे गणवेश आकाशाला जुळले. सगळ्या चित्रावर एकच गाळणी फिरवली की असं होतं. एका दातासाठी अख्ख्या तोंडाला भूल. त्यापेक्षा फक्त शत्रूभोवतीच्या रेषेचा रंग बदलू द्यावा. 'व्हॅलोरंट'मध्ये तशी सोय आहे, लाल नको असेल तर पिवळा किंवा जांभळा घ्या. त्याहून सोपं म्हणजे शत्रूला त्रिकोण आणि आपल्याला गोल. आकाराला रंगांधळेपणा होत नाही.

भाच्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "पण तुझं आयुष्य संपतंय हेही तुला कळत नाही. तो बार तर केवढा मोठा आहे!"

बार मोठा आहे, पण डाव्या खालच्या कोपऱ्यात आहे. हात लांब करून अंगठा धरला, तर त्याच्या नखाएवढ्याच भागात डोळ्याला बारीक तपशील स्पष्ट दिसतो, आणि गोळीबारात ते नख नेमावर खिळलेलं असतं. बाकीच्या पडद्यावर कडेची नजर. तिला बारीक आकडे वाचता येत नाहीत, रंगही धड कळत नाही, पण हालचाल आणि लुकलुक ती बरोबर पकडते. हे भाच्यालाही लागू आहे. वीस उरलेत हे सांगायला बारने हिरव्याचा लाल होऊन उपयोग नाही. त्याने धडधडावं, नाहीतर कानात ठोके वाजवावेत. उरलेल्या गोळ्यांचा आकडा तर बारीक पांढरा, काळी किनारसुद्धा नाही, आणि आमचा डाव नेमका बर्फात. २००८च्या 'डेड स्पेस'मध्ये आयुष्याची पट्टी खेळातल्या नायकाच्या पाठीच्या कण्यावरच बसवली होती. नजर असते तिथेच, आणि किती उरलं ते लांबीवरूनही कळतं.

भाच्याने सगळं ऐकून घेतलं आणि त्याच्या परीने उपाय काढला. टीमला माइकवरून फर्मान गेलं, "माझा मामा दिसला की तिथल्या तिथे उड्या मारायच्या. उडी मारेल तो आपला."

उपाय शास्त्रशुद्ध होता. कडेच्या नजरेला उड्या झकास दिसल्या. दोन डाव मी एकाही मित्राला मारलं नाही.

तिसऱ्या डावात एक जण समोरून उड्या मारत आला. मी बंदूक खाली घेऊन हात हलवायची कळ शोधत होतो, तेवढ्यात त्याने मला आडवं केलं.

"मामा," भाचा कपाळाला हात लावून म्हणाला, "गोळी चुकवायला सगळेच उड्या मारतात रे."