एस आत्ता लावायचा की हातात ठेवायचा?

दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू झाली की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या घरी संध्याकाळी सगळे थकून येतात. तरी जेवण झाल्यावर छपरीत स्क्रॅबलचा बोर्ड मांडला जातोच. मामाजी, म्हणजे माझे सासरे, इंग्रजीचे निवृत्त मास्तर. सोबतीला अकरावीतला पुतण्या आणि मी. परवा पहिल्याच डावात माझ्या एसवरून वाद झाला. तो अजून डोक्यात आहे, म्हणून लिहितेय.

माझ्या हातात डब्ल्यू, ए, व्ही, ई, आर, एस, टी अशा टाइल होत्या. पहिला डाव माझा. पहिल्या डावात शब्द मधल्या चांदणीवरून जातो आणि गुण दुप्पट होतात. 'वेव्हर', म्हणजे डळमळणे, हा शब्द असा बसत होता की डब्ल्यू दुप्पट अक्षराच्या घरावर येई. त्याचे तीस गुण. शेवटी एस जोडून 'वेव्हर्स' केलं तर बत्तीस.

पुतण्या लगेच म्हणाला, "काकू, बत्तीस भेटून राह्यले न, मंग टाक न!"

मामाजींनी मान हलवली. "थांब वं माय. त्या एसानं किती वाढले, थे सांग आंधी."

वाढले होते फक्त दोन. माझं म्हणणं नेमकं इथेच आहे. आपण शब्दाचे एकूण गुण बघतो, आणि बत्तीस हा आकडा मोठा दिसला की हात सुटतो. पण त्यातले तीस तर एस न लावताही मिळणारच होते. एस खर्च करताना बघायचं ते एवढंच की तो नसता तर किती मिळाले असते आणि लावल्यावर किती मिळतात. हा फरक आठच्या खाली असेल तर मी एस सोडत नाही. मुरलेले खेळाडूही साधारण आठ-दहाच धरतात. शंभर टाइलमध्ये एस फक्त चार असतात. टाइलवर त्याची किंमत एकच छापलेली असते, पण दुसऱ्याच्या शब्दाला शेपूट लावून त्याचे सगळे गुण पुन्हा मोजून घ्यायची सोय बाकी अक्षरांत क्वचितच मिळते. शिवाय सातही टाइल एकदम लावून पन्नास गुण जादा मिळवायचे तर एस हातात असणं फार कामाचं ठरतं.

मी 'वेव्हर' लावला. एस आणि टी हातात राहिले, पाच नव्या टाइल आल्या: ओ, एन, ई आणि दोन यू. पुतण्याने आणि मामाजींनी मधे दुसरीकडे शब्द केले, 'वेव्हर'च्या लगेच पुढचं घर रिकामंच राहिलं. माझी पाळी आल्यावर त्या घरावर एस ठेवून खाली 'स्टोन' उतरवला. 'स्टोन'चे सहा (टी दुप्पट घरावर पडला), आणि 'वेव्हर्स'चे बारा परत. एकूण अठरा. एस नसता तर 'टोन' कुठेतरी चिकटवून आठ-दहाच्या वर गेले नसते. जो एस पहिल्या डावात दोन गुण देत होता, त्यानेच दुसऱ्या डावात आठ-दहा वाढवून दिले.

यात धोका होता, तो मी लपवणार नाही. 'वेव्हर' उघडा ठेवला म्हणजे ते घर सगळ्यांसाठीच उघडं. मला न दिसणाऱ्या त्र्याण्णव टाइलमध्ये तीन एस आणि कोणत्याही अक्षराच्या जागी चालणाऱ्या दोन कोऱ्या टाइल होत्या. एका खेळाडूच्या सात टाइलमध्ये त्यातली एक तरी असण्याची शक्यता तीनात एक इतकी येते, आणि समोर तर दोघं बसले होते. पण ज्याच्याकडे असेल तो तिथेच वापरेल असं नाही. आणि तो हुक, म्हणजे शब्दाला अक्षर जोडायची ती जागा, माझ्या हातून गेला, तरी एस माझ्याकडेच राहतो, दुसऱ्या जागेसाठी. दोन गुणांसाठी मी त्याला कायमचं गमावलं नसतं एवढं नक्की.

आता दुसरी बाजू. एस जपायचा म्हणजे धरूनच बसायचं, असं नाही. हातात दोन एस आले तर मी एक पाच-सहा गुणांनाही सोडते, कारण दुसरा एस पहिल्याइतका कामाचा नसतो आणि रॅकमधली एक जागा अडवतो. बोर्ड गच्च झाला असेल, एस लावता येईल अशी एकही शेवटची जागा उरली नसेल, तरी तो धरून काही होत नाही. उघडी घरं मोजायची. दोन-तीन दिसली तर थांबायचं, एकच असेल तर ते लगेच घ्यायचं, कारण तेही पुढच्या पाळीत जाईल.

आणि थैली रिकामी होत आली की हिशेबच बदलतो. गेल्या महिन्यात मामाजींनी एक एस असा जपला की थैलीत चारच टाइल उरल्या. त्यांच्या हाती एस होता, पण बोर्डवर एकच हुक शिल्लक होता. तो पुतण्याने नुसत्या टी-ने बंद केला. डाव संपला तेव्हा एस रॅकवर तसाच. शिल्लक टाइलचा वजा झालेला एक गुण क्षुल्लक होता. पण दोन पाळ्या आधी तोच एस त्यांना नऊ गुण वाढवून देत होता, आणि हार झाली ती सात गुणांनी. त्या रात्री मामाजी कितीतरी वेळ बोर्डकडे बघत बसले होते. म्हणाले, "मीच तं सांगत होतो न तुले, फरक मोज म्हणून."

आता थैलीत दहाच्या आसपास टाइल राहिल्या की मी माझी आठ गुणांची अट पाच-सहावर आणते, आणि थैली संपली की मिळेल त्या किमतीला एस बोर्डवर ठेवते.