मावशीचा एसी आणि तो फॉरवर्ड

"विंडो एसी एकदम लेव्हलमध्येच बसवा, मागे झुकवला की कॉम्प्रेसर जातो. बाजूच्या फटी बुजवू नका, एसीला श्वास घ्यायला जागा लागते, नाहीतर खोलीत गॅस कोंडतो. सर्वांना पाठवा."

मावशीने हे रविवारी वाचलं आणि सोमवारी एसीभोवतीचा फोम उपटून टाकला. बाहेर 45 अंश. संध्याकाळी मला फोन, "काऊन रे, हा गारच करत नाही?"

गार कसा करणार बाप्पा? एसीची उंची 40 सेंटीमीटर, दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंटीमीटरची फट. हिशेब केला तर 120 चौरस सेंटीमीटर, म्हणजे जवळपास एका पोस्टकार्डाएवढं भोक, आणि त्यातून दिवसभर लू आत. ही समजूत कूलरवरून आली आहे. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, म्हणून त्याला खिडकी उघडी लागते. एसी खोलीतलीच हवा फिरवून थंड करतो. आणि गॅस बंद तांब्याच्या नळ्यांत असतो. तो गळलाच तर मेकॅनिक बोलवायचा, फट ठेवून काय होणार?

श्वासाची गोष्ट अर्धी खरी आहे, तेवढं मान्य. एसीच्या बाहेरच्या भागाला बाजूने जाळ्या असतात, तिथून कंडेन्सरला हवा मिळते. त्या भिंतीत दडल्या किंवा त्यांच्यावर थर्माकोल चिकटवलं तर यंत्र तापून बंद पडतं. बुजवायची ती चौकट आणि एसी यांच्यामधली फट, जाळी नव्हे.

आता झुकाव. मावशीच्या एसीसोबत आलेल्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, मागची बाजू किंचित खाली ठेवा, म्हणजे कॉइलवर जमलेलं पाणी आत न येता बाहेर जातं. पुढून मागे साधारण 60 सेंटीमीटरच्या एसीला सहा-आठ मिलीमीटर पुरतात. हा एक अंशाहून कमी कोन आहे, त्याने कॉम्प्रेसरचं काही बिघडत नाही. पुढच्या कडेखाली रबराची पट्टी सारली की झालं. आडवी पाणसळ मात्र सरळच हवी.

लेव्हलमध्ये बसवून "आमचं तर काही गळत नाही" म्हणणारे मे महिन्यात बोलतात. इथली उन्हाळी हवा इतकी कोरडी की कॉइलवर पाणी जेमतेम जमतं. जुलैत दमट हवा आली की तेच पाणी दिवाणावर टपकतं. उलट दोन-तीन सेंटीमीटर झुकवणारेही चुकतात. बऱ्याच एसींत मागच्या पंख्याच्या कडेची गोल पट्टी तळातलं पाणी उचलून गरम कॉइलवर उडवते आणि त्याने कॉइल लवकर निवते. फार झुकवलं तर पाणी आधीच वाहून जातं. ती छपछप ऐकून तळाला भोक पाडू नका.

मावशीकडे नवा फोम लावला आणि एसी चालू करून कडेने उदबत्ती फिरवली. तीन बाजूंना धूर सरळ. वरच्या डाव्या कोपऱ्यात आत वाकला. तिथे आणखी एक तुकडा कोंबला.