श्रावणी सोमवार आणि शुगरची गोळी

"उपवासाच्या दिवशी शुगरची गोळी घ्यायचीच नाही. पोटात अन्न नाही, तर साखर वाढणार कुठून? फराळ हलका असतो, त्याने काही होत नाही. आणि बोट टोचून रक्त काढलं की उपवास मोडतो, म्हणून तपासणी दुसऱ्या दिवशी करा."

सोलापुरात श्रावण लागला की हा निरोप दरवर्षी फिरतो आणि त्याचे परिणाम माझ्या दवाखान्यात दिसतात.

पहिली चूक साखर फक्त अन्नातून येते असे मानण्याची आहे. आपण उपाशी असतो तेव्हा यकृत साठवलेली आणि नव्याने तयार केलेली साखर रक्तात सोडत राहते आणि मधुमेहात या सोडण्यावरचा लगाम सैल झालेला असतो. रात्रभर काही न खाताही सकाळची साखर १६० येते, ती याचमुळे.

गोळीबाबत मात्र निरोपात अर्धे सत्य आहे आणि तेच अधिक घातक ठरते. मेटफॉर्मिन यकृताला आवरते आणि एकटी घेतल्यास साखर धोकादायक पातळीला सहसा उतरवत नाही. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते आणि तुम्ही जेवला आहात की नाही हे तिला कळत नाही. आपल्याकडे या दोन्ही औषधांची एकत्र गोळी फार दिली जाते, त्यामुळे "गोळी घेऊ की नको" हा प्रश्नच अपुरा ठरतो.

बिडी वळणाऱ्या ५६ वर्षांच्या एका बाई अशी एकत्र गोळी सकाळ-संध्याकाळ घेत होत्या. पहिल्या सोमवारी त्यांनी गोळी सोडली, अकरा वाजता बशीभर साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि एक वाजता साखर २८६ आली. घाबरून पुढच्या सोमवारी त्यांनी सकाळीच गोळी घेतली, पण वर फक्त चहा. दुपारी चारच्या सुमारास घाम फुटला आणि हात इतके थरथरले की पान वळता येईना; तेव्हा साखर ५८ होती.

तिसऱ्या सोमवारसाठी सकाळच्या एकत्र गोळीऐवजी साधी मेटफॉर्मिन लिहून दिली, तीही कपभर दूध आणि मूठभर भाजलेल्या शेंगदाण्यांबरोबर. ग्लिमेपिराइड असलेली गोळी संध्याकाळी, सोमवार सोडताना पोटभर जेवणाबरोबर. एकादशीला हेच वेळापत्रक चालत नाही, कारण तो उपवास दुसऱ्या दिवशी सुटतो. त्या दिवशी संध्याकाळची मात्राही कमी करावी लागते किंवा वगळावी लागते. हा बदल आठवडाभर आधी आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावा, शेजारणीच्या चिठ्ठीवरून करू नये. इन्शुलिन घेणाऱ्यांनी तर ते स्वतःहून बंद करणे जिवावर बेतू शकते. डापाग्लिफ्लोझिनसारखी लघवीवाटे साखर काढणारी गोळी आणि निर्जळी उपवास हा मेळही टाळावा, कारण त्यात शरीर कोरडे पडते आणि साखर फार न वाढताही रक्तात आम्ल साचू शकते.

फराळ हलका, हे ऐकायला बरे वाटते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. ६० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात दीड ज्वारीच्या भाकरीइतके पिष्ट असते, पण ज्वारीतला तंतू नसतो, आणि वर बटाटा पडतो तो वेगळाच. त्यापेक्षा अर्धी वाटी शिजवलेली भगर, शेंगदाण्याची आमटी आणि ताक हे बरे, पण तेही एकदम नव्हे. दोन-तीन वेळांत विभागून.

राहता राहिले बोट टोचणे. रक्ताचा थेंब म्हणजे अन्न नव्हे आणि तो काढल्याने पोटात काही जात नाही. दुसऱ्या दिवशीची तपासणी मात्र आदल्या दिवशीच्या चार वाजताच्या ५८ बद्दल काहीच सांगत नाही. म्हणून सकाळी उठल्यावर, दुपारी तीन-चारच्या दरम्यान आणि रात्रीच्या जेवणानंतर दोन तासांनी तपासावे. शिवाय घाम, थरथर, धडधड किंवा गोंधळल्यासारखे वाटले तर त्या क्षणी. ७० च्या खाली आकडा आला की उपवास तिथेच सोडायचा आणि तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची. खिचडी खाऊन ही वेळ निभत नाही, कारण त्यातले तूप आणि शेंगदाणे साखर रक्तात पोचायला उशीर लावतात. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, अजून कमी असेल तर पुन्हा साखर घ्यावी आणि मग काहीतरी खावे. ग्लिमेपिराइडचा असर दिवसभर रेंगाळतो, विशेषतः मूत्रपिंड कमजोर असेल तर. त्यामुळे एकदा बरे वाटले म्हणून निर्धास्त होऊ नये, पुढचे काही तास अधूनमधून तपासत राहावे. साखर ३०० च्या वर गेली तरी उपवास सोडून डॉक्टरांना कळवावे.

त्या बाईंची तिसऱ्या सोमवारची वही माझ्याकडे आली: सकाळी १३८, दुपारी चारला ११२, रात्री १७४. खाली त्यांनी स्वतःहून एक प्रश्न लिहिला होता, "एकादशीला किती घेऊ?"