यू-बेंडवरचं बल काढताना आउटलेटच्या प्रेशरचं चिन्ह अधिक का? एका प्रतिक्रियेला उत्तर

> दादा, तुमच्या नोटमध्ये आउटलेटचं प्रेशर अधिक धरलंय. आम्हाला वर्गात p1A1 − p2A2 असंच शिकवलंय. आणि संवेगासाठी 'बाहेरचं वजा आतलं' एवढं पुरत असताना V·n चा घोळ कशाला?

p1A1 − p2A2 हे सरळ पाइपसाठी बरोबर आहे, कारण तिथे आउटलेटचा बाहेर जाणारा लंब उजवीकडे असतो. प्रेशर नेहमी कंट्रोल व्हॉल्यूमला आत दाबतं, म्हणजे त्या लंबाच्या उलट. यू-बेंडमध्ये पाणी उजवीकडे जात आत येतं आणि वळून डावीकडे बाहेर पडतं; दोन्ही तोंडं डावीकडे आहेत, आउटलेटचा लंबही डावीकडे, म्हणून प्रेशर पाण्याला उजवीकडे ढकलतं. वजाचं चिन्ह आउटलेटला चिकटलेलं नाही, ते तोंडाच्या दिशेवर ठरतं.

आकडे घालून बघ. बेंड आडवा ठेवलेला, दोन्ही तोंडांचं क्षेत्रफळ 0.01 m², वेग 5 m/s, म्हणजे दर सेकंदाला 50 kg पाणी. गेज प्रेशर आत येताना 100 kPa, बाहेर जाताना 80 kPa. उजवी दिशा अधिक. बेंड पाण्यावर लावतो ते बल Rx, तेही उजवीकडेच गृहीत धरलंय. खरी दिशा चिन्हच सांगेल.

Rx + 1000 + 800 = 50 × (−5 − 5)

Rx = −2300 N. तुझ्या पद्धतीनं 800 च्या आधी वजा लावलास तर −700 येतं. चिन्ह बरोबर दिसतं, म्हणून चूक लक्षात येत नाही आणि बोल्ट खऱ्या बलाच्या एक-तृतीयांशाहूनही कमी बलासाठी निवडले जातात.

आता V·n, म्हणजे बाहेर जाणाऱ्या लंबाच्या दिशेनं पाण्याचा वेग. 'बाहेरचं वजा आतलं' जरूर वापर, पण मग V·n चं चिन्ह पुन्हा लावू नकोस. गडबड होते ती दोन्ही एकत्र केल्यामुळे. वेगाचा घटक u अक्षावरून ठरतो: आत +5, बाहेर −5. V·n फक्त पाणी आत येतंय की बाहेर जातंय एवढंच सांगतं: आत −5, बाहेर +5, मग अक्ष कसाही असो. ρA·u·(V·n) दोन्ही तोंडांवर −250 येतं, बेरीज −500. इथे 'वजा आतलं' म्हणून आणखी एक वजा लावला की बेरीज शून्य होते, जणू पाणी वळलंच नाही. बाहेरचं पाणी डावीकडे जातंय म्हणून तिथला V·n वजा धरला तरी तेच होतं. अनेक तोंडं असतील तेव्हा V·n सोयीचं पडतं. एक आत, एक बाहेर असेल तर तुझं सूत्र पुरे.

शेवटचं चिन्ह असं तपास: −2300 हे बेंडचं पाण्यावरचं बल, म्हणून पाणी बेंडला 2300 N नं उजवीकडे, फ्लँजपासून दूर ढकलतं आणि बोल्ट ताणले जातात. उत्तरात बेंड फ्लँजवर दाबला जातोय असं निघालं, तर आधी प्रेशरच्या दोन्ही पदांची चिन्हं बघ. गेज प्रेशर घेण्याचं कारणही इथेच आहे: बेंडच्या बाहेरून हवा दाबतेच, त्यामुळे ॲब्सोल्यूट प्रेशर घेतलंस तर सुमारे 2026 N जादा येतील, जे बोल्टवर कधीच पडत नाहीत.