परदेशातून : मध्येच पडलेला 'हं'

"मावशी, आमच्या टीममध्ये नवा नियम आलाय. कोणी बोलत असताना बाकीच्यांनी 'हं', 'हो हो', 'बरोबर' असं काही म्हणायचं नाही, म्हणे ते मध्ये बोलणंच झालं. बाहेरच्या देशांत लोक गप्प राहूनच ऐकतात, असं आमचे मॅनेजर सांगतात. खरंय का गं?"

भाचीचा निरोप मी पाहीपर्यंत घरच्या ग्रुपवर दोघांनी निकाल देऊनही टाकला होता. भावाने लिहिलं होतं, "तिकडची माणसं मुळातच थंड. त्यांना हुंकार कशाला लागतोय?" आईने नियमाचं स्वागत केलं होतं. "छान झालं. माझी नातवंडं फोनवर नुसती हं हं करतात आणि ऐकत काहीच नाहीत." आईचं दुखणं खरं आहे, पण ते वेगळं.

फिनलंडमध्ये नऊ वर्षं काढल्यावर मला वाटतं, मॅनेजरांना दिसलं ते बरंचसं खरं आहे. त्यावरून काढलेला नियम मात्र चूक आहे.

फिनिश माणूस ऐकताना आपल्यापेक्षा पुष्कळ कमी आवाज करतो. वाक्याच्या मध्यात तर क्वचितच. पण तो मुका नसतो. पहिल्या हिवाळ्यात माझी एक सहकारी मी बोलत असताना मधूनच श्वास आत ओढून अस्फुट 'यो' म्हणायची. मला वाटायचं, मी काहीतरी धक्कादायक बोलून बसले. तो श्वास म्हणजे तिचा होकार होता. इथे 'नीन' आणि 'यो' असे दोन शब्द जोडीने वापरतात. साधारणपणे 'नीन' म्हटलं की सांगणाऱ्याला कळतं, पुढे सांग. 'यो' म्हटलं की कळतं, एवढं समजलं. भाऊ ज्याला थंडपणा म्हणतो, त्यात इतकी बारीक विभागणी आहे.

माझी स्वतःची चूक मला एका रेकॉर्डिंगमुळे कळली. एक सहकारी ऑनलाइन बैठकीत मला एक चाचणी का फसली ते समजावत होता आणि दर दोन वाक्यांनी थांबून म्हणत होता, "बोल, तू बोल." मी म्हणायचे, "नाही नाही, तू सांग." असं चार-पाच वेळा झाल्यावर त्याने "बाकीचं लिहून पाठवतो" म्हणत विषय संपवला. मला फार वाईट वाटलं, कारण मी मनापासून ऐकत होते. माझी शेजारीण संभाषणांचाच अभ्यास करते. सहकाऱ्याची परवानगी घेऊन तेवढा तुकडा आम्ही दोघींनी पुन्हा पुन्हा ऐकला.

पहिली गोष्ट वेळेची निघाली. समोरासमोर बसलेलो असताना सांगणाऱ्याचा सूर खाली उतरतो, तो क्षणभर टेकतो, आणि आपला 'हं' त्या फटीत जाऊन बसतो. ही फट सेकंदापेक्षाही पुष्कळ लहान असते. आता आवाज एका बाजूने दुसरीकडे पोचायला ३०० मिलिसेकंद लागतात असं धर. त्याचं वाक्य मला ३०० उशिरा ऐकू येणार, माझा 'हं' त्याच्यापर्यंत जायला आणखी ३००. म्हणजे मी अगदी वेळेवर म्हटलेला 'हं' त्याच्या कानात ६०० मिलिसेकंद उशिरा पडतो, आणि तोवर त्याने पुढचं वाक्य सुरू केलेलं असतं. माझ्या बाजूने तो प्रतिसाद असतो, त्याच्या बाजूने अडथळा. त्यात काही बैठकींची सॉफ्टवेअरं एका वेळी एकाचाच आवाज पुढे आणतात, त्यामुळे माझ्या 'हं'पायी त्याचा अर्धा शब्द गिळला जातो. दूरध्वनीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत एका दिशेचा विलंब शक्यतो १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवा असं सांगितलंय, ते उगाच नाही.

दुसरी गोष्ट शेजारणीने दाखवली. मी 'हं' थोडेच म्हटले होते, बहुतेक वेळा इंग्रजीत 'येस, येस' म्हणत होते, तेही चढ्या सुरात आणि आधी श्वास घेऊन. गेल जेफरसन या अभ्यासक बाईंनी १९८४ साली दाखवून दिलं होतं, की इंग्रजीत तोंड मिटून केलेला हुंकार साधारणपणे 'तुझं चालू दे' सांगतो, आणि 'येस'चं बोलीरूप 'या' म्हणणारा मात्र पुष्कळदा लगेच स्वतः बोलू लागतो. मराठीत कान देऊन ऐक, तसंच सापडेल. सपाट, हलका 'हं' वाट मोकळी ठेवतो. 'हो, हो, हो' घाईघाईने म्हटलं की समोरच्याला वाटतं, हिला हे माहीत आहे, आवरतं घ्यावं. आणि 'बरंऽ' लांबवलं की विषयच संपला. सहकारी माझ्या 'येस'नंतर थांबत होता, तो सभ्यपणाने. त्याला वाटलं, मला बोलायचंय.

"मग गप्प बसणंच बरं ना?" भाचीने लगेच विचारलं. नाही गं. कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठात जॅनेट बॅव्हेलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाने आपल्यावरचा थोडक्यात टळलेला प्रसंग सांगायचा, दुसऱ्याने ऐकायचं. काही ऐकणाऱ्यांना गुपचूप काम दिलं होतं, सांगणाऱ्याचा प्रत्येक 'टी'ने सुरू होणारा शब्द आला की बटण दाबायचं. म्हणजे कान तर टवकारलेले, पण लक्ष गोष्टीवर नाही. त्यांचे हुंकार कमी झाले आणि 'बाप रे'सारखे नेमक्या जागचे उद्गार तर जवळजवळ आटलेच. त्यांना सांगणाऱ्यांची गोष्टही बिघडली, विशेषतः शेवटी, जिथे ती रंगायला हवी होती. सांगणारे तसेच, प्रसंग तसेच, फक्त समोरून साथ मिळाली नाही.

आईच्या तक्रारीचं उत्तरही बहुधा इथेच आहे. नातवंडांचा 'हं' ठरावीक अंतराने येतो, गोष्टीच्या वळणावर येत नाही. "आणि मग मी घसरले" यावरही तोच 'हं' आला, तर ऐकलं जात नाहीये हे आजीला लगेच कळतं.

म्हणून तुझ्या मॅनेजरांना सांग, सरसकट बंदी घातली तर सांगणाराच चाचपडेल. तो एकतर तेच तेच समजावत बसेल, नाहीतर लवकर आटोपतं घेईल. ऑनलाइन बैठकीत कॅमेरा चालू ठेवून मान हलवा. मान उशिरा पोचली तरी कोणाचा शब्द खात नाही. आवाज करायचाच तर तोंड मिटून, खालच्या सुरात, आणि वाक्य संपल्यावरच. 'हो' तेव्हाच म्हणा, जेव्हा खरंच मान्य असेल. मी एकदा एका तारखेला नुसतं ऐकतेय म्हणून 'येस' म्हटलं आणि समोरच्याने ती तारीख पक्की धरली.

एका बाबतीत शेजारणीचं आणि माझं जुळलेलं नाही. तिच्या मते दहा जणांच्या बैठकीत सगळ्यांनी म्यूट राहिलं तर काही बिघडत नाही, कारण तिथे साथ देण्याचं काम कोणा एकाचं नसतंच. मला मात्र दहा काळ्या चौकोनांसमोर बोलताना दुसऱ्या मिनिटाला स्वतःचाच आवाज परका वाटू लागतो. तुमच्यातल्या एखाद्याने तरी बोलणाऱ्यासाठी माइक चालू ठेवावा, असं मला वाटतं.

तुझ्या पुढच्या बैठकीचं रेकॉर्डिंग होणार असेल, तर सगळ्यांना विचारून दोन मिनिटांचा तुकडा ठेव. तुझा 'हं' कुठे पडला यापेक्षा, त्यानंतर समोरच्याने वाक्य पुरं केलं की अर्ध्यात सोडलं, ते बघ.